आठ हजार टाकले, हातात सात हजार सातशे वीस आले



गटाच्या बैठकीत हप्ता कमी पडला की आपण कारण विचारतो. आजारपण, लग्न, पाऊस, अशी कारणं नेहमीची असतात. पण दिवाळीनंतरच्या एका बैठकीत हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या एका मावशींनी वेगळंच कारण सांगितलं. २,४०० रुपयांच्या हप्त्यात २८० रुपये कमी होते. विचारलं तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "लेकरू खोटं बोलायलं मला. आठ हजार टाकले म्हणला अन् हातात आले सात हजार सातशे वीस."

त्यांचा मुलगा वीस वर्षांचा. दोनच महिन्यांपूर्वी पुण्याजवळच्या चाकणला गेला होता. ठेकेदाराकडून एका कंपनीत हेल्पर म्हणून लागला आणि घरी पहिल्यांदाच पैसे पाठवत होता. मावशींनी हिशोब आधीच मांडून ठेवला होता. गटाचा हप्ता २,४००, किराणा दुकानाची उधारी ३,६०० आणि धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी २,०००, असे बरोबर ८,०००. फी आणि उधारी आधी भागवली, म्हणून तूट आली ती आपल्या हप्त्यात.

फोनवर मायलेकांचं भांडण झालं होतं. मावशींना वाटलं, पोरगा २८० रुपये स्वतःला ठेवून मोठ्या तोंडाने आठ हजार सांगतो. मुलाला वाटलं, पहिली कमाई पूर्ण घरी दिली तरी आई विश्वास ठेवत नाही. "पुढच्या महिन्यापासून पाठवणारच नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. दोघंही खरं बोलत होते. पैसे वाटेत गळले होते, तेही दोन ठिकाणी.

ते कुठे गळले हे आम्ही कसं शोधलं, ते या लेखात सांगते. आपल्या प्रत्येक गटात एखाद्या ताईचा मुलगा, नवरा किंवा दीर बाहेरगावी कामाला आहेच. मायलेकांनी "लिहा, बायांना कळू द्या" म्हटलं म्हणून लिहिते आहे, नावं मात्र देत नाही.

तीन आकडे वेगळे लिहा

मावशी आणि मुलगा भांडत होते, कारण ते दोन वेगळ्या आकड्यांबद्दल बोलत होते. मुलगा बोलत होता त्याने दुकानात दिलेल्या पैशांबद्दल. मावशी बोलत होत्या त्यांच्या हातात पडलेल्या पैशांबद्दल. या दोन्हींच्या मध्ये तिसरा आकडा असतो, तो म्हणजे खात्यात जमा झालेले पैसे. तो दोघांनीही पाहिला नव्हता.

म्हणून वहीच्या पानावर आम्ही तीन ओळी लिहिल्या:

मुलाने तिथे दिले: ८,०००
खात्यात जमा झाले: ?
मावशींच्या हातात आले: ७,७२०

मधला आकडा कळला की गळती कुठली हे आपोआप कळतं. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात फरक असेल, तर पैसे पाठवण्याच्या बाजूला गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात फरक असेल, तर ते आपल्या गावात, पैसे काढताना गेले. हे न बघता एकमेकांना बोल लावण्यात अर्थ नाही.

मधला आकडा पासबुकात मिळतो. दुसऱ्या दिवशी मावशींना घेऊन बँकेत गेले आणि पासबुक छापून घेतलं. त्यात एकाच तारखेला जमेच्या दोन ओळी होत्या, ५,००० आणि २,८४०. म्हणजे खात्यात आले ७,८४०. त्याखाली पैसे काढल्याची एक ओळ होती, ७,८०० रुपयांची.

आता हिशोब उघडा पडला. मुलाने दिलेल्या ८,००० पैकी १६० रुपये खात्यात पोचलेच नाहीत. आलेल्या ७,८४० पैकी ४० रुपये खात्यातच शिल्लक होते. ते मावशींचेच, कुठे गेले नव्हते. काढले ७,८०० आणि हातात आले ७,७२०, म्हणजे ८० रुपये गावात कमी झाले. १६० अधिक ४० अधिक ८०, बरोबर २८०.

तिथूनच मावशींनी मुलाला फोन लावला. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तू खरं बोललास रे राजा. मीच चुकले."

चाकणला काय झालं

मुलाकडे स्वतःचं बँक खातं होतं, तरी त्याने पैसे दुकानातून का पाठवले? खातं दहावीत असताना शिष्यवृत्तीसाठी गावातल्या शाखेत काढलेलं होतं. त्याला मोबाईल नंबर जोडलेला होता वडिलांचा, आणि ते सिम कधीच बंद पडलं होतं. एटीएम कार्ड घरी पेटीत होतं. त्यामुळे त्याच्या मोबाईलवर यूपीआय सुरूच होत नव्हतं. ठेकेदाराने पहिला पगार रोख दिला. खोलीवरच्या मुलांनी सांगितलं, "कोपऱ्यावरच्या दुकानात दे, पाच मिनिटांत घरी जातात."

अशी पैसे पाठवणारी दुकानं कामगार वस्त्यांत पावलोपावली आहेत. आपण रोख द्यायची, दुकानदार कुठल्या तरी कंपनीच्या ॲपमधून ती आपल्या माणसाच्या बँक खात्यात टाकतो. ही सोय कायदेशीर आहे. तिचे काही नियम आहेत आणि ते माहीत असले तर फसायला होत नाही.

पहिला नियम असा की अशा रोख व्यवहारात एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच रक्कम पाठवता येते. म्हणून आठ हजारांचे दोन तुकडे झाले. शुल्क प्रत्येक तुकड्यावर वेगळं लागतं, आणि रक्कम लहान असली तरी कमीत कमी काही रुपये घेतलेच जातात. त्यामुळे पाचशे-पाचशे करून चार वेळा पाठवण्यापेक्षा दोन हजार एकदम पाठवणं स्वस्त पडू शकतं.

दुसरा नियम नोव्हेंबर २०२४ पासूनचा आहे. पाठवणाऱ्याची ओळखपत्र आणि मोबाईल नंबर घेऊन नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक व्यवहाराला त्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो. मुलाला असे दोन ओटीपी आले होते. त्याने आकडे वाचून दाखवले आणि मोबाईल खिशात टाकला. मी फोनवर त्याला ते जुने मेसेज उघडायला सांगितले. एकात रक्कम होती ५,०००, दुसऱ्यात २,८४०. म्हणजे १६० रुपये कापल्याचं त्याला तिथेच, काउंटरवर उभा असतानाच कळलं असतं. ओटीपी सांगण्याआधी मेसेजमधली रक्कम वाचायची, एवढंच राहिलं होतं.

तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं त्याचे पैसे कंपनी देते." असं पुष्कळांना वाटतं. दुकानदारानेही फसवून काही सांगितलं नव्हतं. त्याने काहीच सांगितलं नव्हतं, आणि याने विचारलं नव्हतं. शुल्क वरून द्यायचं की रकमेतून कापायचं, हा प्रश्नच निघाला नाही. वरून द्यायचं असतं तर मुलाला खिशातून जास्त पैसे काढावे लागले असते, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं असतं. रकमेतून कापलं की काही जाणवतच नाही. आई सांगेल तेव्हा कळतं, नाहीतर कधीच कळत नाही.

पुढच्या रविवारी तो दुकानात गेला आणि दोन्ही व्यवहारांच्या पावत्या छापून मागितल्या. पावतीवर शुल्क छापलेलं होतं. ५,००० ला ५० रुपये आणि २,८४० ला २८ रुपये ४० पैसे, म्हणजे शेकडा एक रुपया. एकूण झाले ७८ रुपये ४० पैसे. दुकानदाराने घेतले होते १६०, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. विचारल्यावर उत्तर मिळालं, "इथे सगळे दोन टक्केच घेतात. तू तेव्हा विचारलं नाहीस." पैसे परत मिळाले नाहीत. पण त्याच्या खोलीतल्या सहा मुलांनी त्या रात्री आपापले जुने मेसेज काढून बघितले.

दुकानातून पाठवणाऱ्या आपल्या माणसाला एवढं सांगून ठेवा. पैसे काउंटरवर ठेवण्याआधी विचारायचं, "घरी पूर्ण आठ हजार पोचायला हवेत, मी सगळं धरून किती देऊ?" असं विचारलं की कर, शुल्क, सगळं त्या एकाच उत्तरात येतं आणि रकमेतून कापायला जागा उरत नाही. मग मेसेजमधली रक्कम वाचून ओटीपी सांगायचा, आणि छापील पावती घेऊनच दुकानातून निघायचं. पावती म्हणजे पांढऱ्या कागदावर पेनाने लिहिलेला आकडा नव्हे. तिच्यावर व्यवहाराचा क्रमांक, तारीख, खात्याचे शेवटचे आकडे आणि शुल्क असायला हवं.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. ओळखपत्र मागितलं नाही, ओटीपी आला नाही आणि तरी पैसे "गेले", तर दुकानदाराने ते बहुधा स्वतःच्या खात्यातून पाठवले आहेत. पासबुकात पाठवणारा म्हणून त्याचंच नाव दिसेल. पैसे पोचतीलही. पण न पोचल्यास आपल्या मुलाने काही दिलं होतं याचा कुठेच पुरावा नाही, आणि तक्रार तरी कोणाकडे करणार?

आपल्या गावात काय झालं

आता उरले ८० रुपये. मावशींनी पैसे गावातल्या सेवा केंद्रात काढले होते, आधार आणि अंगठा लावून. केंद्रवाल्या भाऊंनी सांगितलं, "हजाराला दहा रुपये." ७,८०० ला ८ वेळा दहा धरले. पावती मागितली नव्हती, त्यांनी दिली नव्हती.

गटाच्या अध्यक्षताई, मावशी आणि मी, अशा तिघी केंद्रात गेलो. भांडायला गेलो नव्हतो. त्या भाऊंचंही म्हणणं ऐकलं. रोख आणायला त्यांना तालुक्याला जावं लागतं, इंटरनेट, कागद, वीज यांचा खर्च आहे, आणि बँकेकडून मिळणारं कमिशन थोडं आहे. हे खरं आहे. पण बँकेच्या वतीने काम करणाऱ्या माणसाने ग्राहकाकडून परस्पर पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याचा मोबदला बँकेने द्यायचा असतो. बँकेला एखाद्या व्यवहाराला शुल्क लावायचं असेल तर तिने ते आधी जाहीर करावं लागतं. ते खात्यातून कापलं जातं आणि पासबुकात दिसतं. हातातल्या नोटांमधून काढून घेतलं जात नाही.

अध्यक्षताईंनी जास्त वाद घातला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, ८० रुपयांची पावती द्या. आम्हाला गटाच्या हिशोबाला लावायची आहे." पावती निघू शकत नव्हती. मशीनमधून निघते ती ७,८०० ची. भाऊंनी थोडा वेळ वरखाली बघितलं आणि ८० रुपये परत दिले. तुमच्याकडून कोणी जास्तीचे पैसे मागितले तर तुम्हीही हेच करा. आवाज चढवू नका, त्या पैशांची पावती मागा.

अंगठा लावताना दोन गोष्टी सांभाळायच्या. मशीनवर किंवा मोबाईलवर किती रक्कम टाकली ते अंगठा ठेवण्याआधी बघायचं. वाचता येत नसेल तर मुलीला किंवा गटातल्या एखादीला सोबत न्यायचं. दुसरं म्हणजे, "लागला नाही, परत लावा" असं सांगितलं तर लगेच लावायचा नाही. आधी "फेल" झाल्याची स्लिप मागायची किंवा शिल्लक बघायची. पहिला अंगठा खरंच लागला असेल तर पैसे दोनदा निघतात आणि हातात एकदाच येतात.

कधीकधी कोणाचीच चूक नसताना खात्यातून पैसे कापले जातात आणि हातात मात्र येत नाहीत. अशा वेळी स्लिप जपून ठेवायची. अंगठ्याच्या व्यवहारात किंवा एटीएमवर असं झालं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने पैसे परत जमा करायचे असतात. मोबाईलवरून यूपीआयने खात्यातून खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा नियम २०१९ पासून आहे.

दुसरा महिना: यूपीआय सुरू झालं

मुलगा दोन दिवसांची सुट्टी काढून गावी आला. आल्या आल्या मायलेक बँकेत गेले. त्याने आधार कार्ड आणि अर्ज देऊन खात्याला स्वतःचा नंबर जोडून घेतला आणि पेटीतलं एटीएम कार्ड चालू करून घेतलं. चाकणला परत जाऊन त्याने मोबाईलवर यूपीआय सुरू केलं. त्यासाठी बँकेत जोडलेलं सिम त्याच मोबाईलमध्ये असावं लागतं, आणि एटीएम कार्ड किंवा आधारचा ओटीपी लागतो. नवीन यूपीआय सुरू केल्यावर पहिल्या चोवीस तासांत ५,००० पर्यंतच पाठवता येतात. हे माहीत नसलं की माणूस घाबरतो आणि परत दुकानात जातो. म्हणून यूपीआय पगाराच्या आदल्या आठवड्यातच सुरू करून ठेवायचं.

बऱ्याच ताई विचारतात, "पण माझ्याकडे तर साधा मोबाईल आहे, मला यूपीआयने कसे येतील?" पाठवणाऱ्याकडे यूपीआय असलं की पुरे. तुमच्या पासबुकावरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड टाकून तो थेट तुमच्या खात्यात पैसे पाठवू शकतो. मुलाने आधी एक रुपया पाठवला. मावशींनी बँकेत विचारून तो जमा झाल्याची खात्री केली, मगच बाकीची रक्कम पाठवली. पहिल्यांदा पाठवताना असंच करायचं, कारण खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच माणसाकडे जाऊ शकतात आणि ते परत मिळवायला फार त्रास होतो.

आपल्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात यूपीआयने पैसे पाठवायला शुल्क नाही. बचत खात्यावरून मोबाईलवर किंवा इंटरनेटवर एनईएफटी केलं तरी बँक शुल्क घेत नाही. शाखेत जाऊन, स्लिप भरून एनईएफटी केलं तर १०,००० पर्यंत जास्तीत जास्त अडीच रुपये आणि त्यावर कर एवढंच लागतं. म्हणजे ज्याला मोबाईल जमत नाही, पण जवळच्या शाखेत स्वतःचं खातं आहे, त्यालाही दुकानातले १६० रुपये देण्याची गरज नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी शाखा बंद असते आणि कामगाराला सुट्टीही त्याच दिवशी असते. दुकानं चालतात ती म्हणूनच.

मोबाईलवर पैसे आले की एक गोष्ट विसरू नका. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. "तुमचं कापलेलं शुल्क परत करतो, पिन टाका" असा फोन आला तर तो चोराचा समजा आणि ठेवून द्या.

तिसरा महिना: सगळे पैसे काढायचेच कशाला?

तिसऱ्या महिन्यात मावशींनीच एक युक्ती काढली. त्या म्हणाल्या, "सगळे काढून आणते अन् परत वाटून देते. मग काढायचेच कशाला?"

मुलाने बहिणीच्या कॉलेजची फी परस्पर कॉलेजच्या खात्यात भरली. गटाने ठराव केला की हप्ता गटाच्या बँक खात्यात जमा झाला तरी चालेल. मात्र त्याचा व्यवहार क्रमांक बैठकीत सांगायचा आणि सचिवताईंनी पासबुक बघूनच वहीत नोंद करायची. राहिले किराण्याचे आणि घरखर्चाचे पैसे. ते मावशींनी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या शाखेतून स्लिप भरून काढले. त्या दिवशी त्या तशाही जातात, आणि एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. नाहीतर मुद्दाम फेरी मारायची तर तिकिटाचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसेही त्या शुल्कातच धरावे लागतात. तो हिशोबही मांडा. कधीकधी गावातच काढणं परवडतं.

थोडे थोडे पैसे सारखे काढण्याबद्दलही जपायला हवं. जनधनसारख्या मूळ बचत खात्यात महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. त्यापुढे बँक शुल्क लावू शकते. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपल्या भागात महिन्याला पाच वेळा मोफत आहे, पुढे मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत आणि त्यावर कर लागू शकतो. मूळ बचत खातं असेल तर चारच मोजून ठेवा. म्हणून पासबुक दोन-तीन महिन्यांनी छापून घ्या आणि नावे बाजूला लहान लहान आकडे दिसतात का ते बघा. समजलं नाही तर शाखेत बोट ठेवून विचारा, "हे कशाचे कापले?" बँकेला सांगावंच लागतं.

पहिल्या महिन्यात वाटेत गेले होते २४० रुपये, खात्यातले ४० सोडून. दर महिन्याला असेच गेले असते तर वर्षाला झाले असते २,८८०. मावशींचा गटाचा हप्ता आहे २,४००. म्हणजे वर्षाला एक हप्ता भरून वर ४८० रुपये उरले असते, एवढी ती गळती होती. तिसऱ्या महिन्यात शुल्क गेलं शून्य आणि खर्च झाला एसटीच्या तिकिटाचा.

तक्रार करायची असेल तर

आधी आपल्या बँकेच्या शाखेत लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर तारीख-शिक्का घ्या. दुकानातून पाठवले असतील तर पावतीवर ज्या बँकेचं किंवा कंपनीचं नाव आहे तिच्याकडे तक्रार करायची. सोबत तीन आकडे, तारीख आणि व्यवहार क्रमांक लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते आणि तक्रार cms.rbi.org.in इथे नोंदवता येते. त्याला फी नाही. कोणी फसवून खात्यातून पैसे काढले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. तक्रारीसाठी बँकेचा नंबर मोबाईलवर शोधू नका, तिथे चोरांनीही आपले नंबर टाकलेले असतात. पासबुकावर छापलेलाच नंबर लावा.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरी बाहेरगावाहून पैसे येतात त्यांनी पासबुक आणि गेल्या वेळची पावती घेऊन या. वहीत तीन ओळी लिहू: तिथे दिले किती, खात्यात आले किती, हातात पडले किती. तीनही आकडे जुळले तर छानच. नाही जुळले तर कोणावर रागवण्याआधी फरक कुठे आहे ते सगळ्या मिळून बघू.

मावशींनी राहिलेले २८० रुपये पुढच्याच बैठकीत भरले. त्यातले ८० केंद्रातून परत आलेले होते. उशिराचा दंडही त्यांनी न मागता दिला आणि सचिवताईंना म्हणाल्या, "ह्याची पावती द्या बरं का."